एका मोळीचे चार वाटे

गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते. गाडी काट्यावर चढते, वजनाची पावती हातात पडते आणि ऊस गव्हाणीत ओतला जातो. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचा माल तिथे संपला. हिशेबनिसाचं खरं अवघड काम तिथून सुरू होतं. कारण गव्हाणीत शिरतो एकच पदार्थ, पण पलीकडून बाहेर पडतात चार: साखर, बगॅस, प्रेसमड आणि मळी. उसाचं बिल मात्र एकच असतं. ते या चौघांत कसं वाटायचं?

प्रश्न नवा नाही. आपल्या स्वयंपाकघरात तो रोज घडतो, फक्त आपण तो विचारत नाही. विरजण घुसळलं की लोणी वर येतं आणि ताक खाली राहतं. दुधाचे पैसे एकदाच दिलेले, घुसळण्याचे श्रमही एकदाच केलेले. मग वाटीभर लोणी कितीला पडलं आणि तांब्याभर ताक कितीला? कितीही बारकाईने पाहिलं तरी या पैशांतले अमुक लोण्यासाठी आणि तमुक ताकासाठी खर्चले, असं दाखवणारी रेघ सापडत नाही. ताक नको म्हणून नुसतं लोणी काढता येत नाही. दोन्ही एकत्रच जन्मतात.

असा एकत्र झालेला खर्च म्हणजे सामाईक खर्च. ज्या टप्प्यावर पदार्थ वेगळे ओळखू येतात त्याला हिशेबशास्त्रात विभाजन बिंदू म्हणतात. त्या बिंदूच्या आधीचा खर्च सगळ्यांचा. नंतरचा ज्याचा त्याचा. लोणी कढवून तूप केलं, तर त्या गॅसचा खर्च तुपाचाच. ताकाशी त्याचा काही संबंध नाही.

साखर कारखान्यात मात्र हा बिंदू एकच नसतो, आणि तिथेच गोष्ट रंगते. ऊस आधी बारीक तोडला जातो, मग मिलच्या रोलरांमधून पिळला जातो. शेवटच्या मिलमधून बाहेर पडतो तो ओलसर भुस्सा, म्हणजे बगॅस. हा पहिला फाटा. पुढे रस तापवतात, त्यात चुना आणि गंधकाचा धूर सोडतात; गाळ खाली बसतो, तो गाळून घेतला की उरतं ते प्रेसमड. हा दुसरा फाटा. स्वच्छ रस आटवून पाक होतो आणि पॅनमध्ये त्याचे दाणे धरतात. दाणे आणि पाकाचं ते गच्च मिश्रण सेंट्रीफ्युगल मशीनमध्ये गरगर फिरवलं की साखर आत अडकते आणि दाट काळपट द्रव बाहेर फेकला जातो. त्या द्रवातही साखर असते, म्हणून तो पुन्हा शिजवतात, पुन्हा फिरवतात. दुसऱ्या खेपेला उरते ती बी हेवी मळी. तिसऱ्या खेपेनंतर जिच्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही, ती सी हेवी मळी.

या क्रमातून एक साधी गोष्ट निघते. बगॅस मिलवरच वेगळा झाला, तेव्हा पुढे रस आटवायला जो खर्च आला त्यातला रुपयाही त्याच्या नावावर पडू नये. जिथे माल अखंड वाहत असतो तिथे एकेका ऑर्डरचा नव्हे, तर एकेका प्रक्रियेचा खर्च वेगळा धरतात, मिल विभागाचा वेगळा आणि बॉयलिंग हाउसचा वेगळा, ते याचसाठी. कोणता पदार्थ कुठल्या प्रक्रियेपर्यंत सोबत होता, हे त्याशिवाय कळत नाही.

आता एक हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण कारखान्यात आढळणाऱ्या प्रमाणांना धरून. हजार टन ऊस आला. तोडणी-वाहतुकीसह तो टनाला ३,६५० रुपयांनी पडला, म्हणजे साडेछत्तीस लाख. गाळपापासून साखर पोत्यात भरेपर्यंतचा खर्च साडेपाच लाख. एकूण ४२ लाख. व्याज आणि कार्यालयाचा खर्च बाजूला ठेवू. उतारा ११ टक्के, म्हणून साखर ११० टन. सी हेवी मळी ४५ टन, प्रेसमड ३० टन. बगॅस २८० टन निघाला, पण त्यातला २३० टन कारखान्याच्याच बॉयलरने खाल्ला. विकायला उरला ५० टन. साखर किलोला ३६ रुपये, मळी ८ रुपये, बगॅस अडीच रुपये आणि प्रेसमड ५० पैसे, असे भाव धरू. मग साखरेचे ३९ लाख ६० हजार, मळीचे ३ लाख ६० हजार, बगॅसचे सव्वा लाख आणि प्रेसमडचे १५ हजार मिळतात. साखर सोडून बाकीच्या तिघांचे मिळून बरोबर ५ लाख.

सगळा खर्च साखरेवरच टाकला, तर एक किलो साखर ३८ रुपये १८ पैशांना पडते. विकते ३६ ला. म्हणजे किलोमागे दोन रुपयांहून जास्त तोटा. आता मळी, बगॅस आणि प्रेसमड यांना उपपदार्थ म्हणू, म्हणजे साखर करताना आपोआप निघालेले किरकोळ पदार्थ. उपपदार्थावर सामाईक खर्च टाकत नाहीत. त्यांच्या विक्रीतून विकण्याचा खर्च वजा जाता जे हाती येतं, ते मुख्य पदार्थाच्या खर्चातून कमी करतात. ४२ लाखांतून ५ लाख गेले, उरले ३७ लाख. साखर किलोला ३३ रुपये ६४ पैशांना पडली. आता तीच साखर ३६ ला विकून सव्वादोन रुपयांहून जास्त सुटतात. कारखान्यात काहीच बदललं नाही, तेवढाच ऊस आला आणि तेवढीच पोती भरली. तरी एका कागदावर तोटा आहे आणि दुसऱ्यावर नफा. म्हणून 'साखरेचा उत्पादन खर्च अमुक' असं कुणी सांगितलं, तर उपपदार्थांचे पैसे वजा करून की न करता, हा पहिला प्रश्न विचारावा. याचं उत्तर नसेल, तर त्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पण मळीला किरकोळ म्हणणं योग्य आहे का? चौघांना सारखाच मान देऊन वजनाच्या प्रमाणात खर्च वाटून पाहू. साखर, मळी, उरलेला बगॅस आणि प्रेसमड मिळून २३५ टन. ४२ लाख त्यांत वाटले की प्रत्येक किलोच्या वाट्याला येतात १७ रुपये ८७ पैसे. साखर एकदम स्वस्त झाली. प्रेसमड मात्र जवळपास १८ रुपये किलोचा झाला, आणि तो विकतो ५० पैशांना! मळीही ८ ला विकते, म्हणजे किलोमागे दहा रुपयांच्या तोट्यात. हा कागद हातात घेऊन एखादा नवा अधिकारी म्हणेल, मळी तोट्यात आहे, ती विकणं बंद करा. त्याने खरंच तसं केलं, तर मळीचे ३ लाख ६० हजार जातील आणि खर्च एका रुपयानेही कमी होणार नाही. ऊस तेवढाच घ्यावा लागेल, रस तेवढाच आटवावा लागेल. वजनाची वाटणी चुकीची असते असं नाही. एकाच जातीच्या आणि जवळपास सारख्या भावाच्या पदार्थांत ती चालते. पण साखर आणि प्रेसमड एका तराजूत घातले की तिचा अर्थ संपतो.

म्हणून बहुतेक ठिकाणी वाटणी विक्रीमूल्याच्या प्रमाणात होते. साठ्याच्या मूल्यांकनाचा भारतीय लेखामानकही, एएस-२, तर्काला धरून आणि दरवर्षी तीच ठेवलेली वाटणी मागतो, आणि उदाहरण म्हणून याच पद्धतीचं नाव घेतो. किरकोळ उपपदार्थांची रक्कम मुख्य पदार्थाच्या खर्चातून वजा करण्याची वाटही त्यात आहे. कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेने तर सामाईक खर्चावर सीएएस-१९ हा वेगळा मानकच केला आहे. आपल्या हिशेबात बगॅस आणि प्रेसमड उपपदार्थच ठेवू, त्यांचे १ लाख ४० हजार वजा करू आणि मळीला साखरेच्या बरोबरीने जोड उत्पादन म्हणू. वाटायला उरले ४० लाख ६० हजार. साखरेची विक्री ३९ लाख ६० हजार, मळीची ३ लाख ६० हजार. प्रमाण ११ ला १. साखर किलोला ३३ रुपये ८३ पैशांना आणि मळी ७ रुपये ५२ पैशांना पडली. दोघांच्या नफ्याचं प्रमाण तेच, विक्रीच्या सहा टक्के. ज्याच्यातून जास्त मिळतं त्याने जास्त सोसावं, हा एकत्र कुटुंबातला न्याय यात आहे. पण त्याची एक बाजू विसरू नये. इथे दोन्ही पदार्थांचा नफा सारखा दिसतो, कारण आपणच तो तसा वाटला. यातून मळी साखरेइतकीच फायद्याची आहे असं सिद्ध होत नाही.

मग या वाटणीचा उपयोग काय? ३१ मार्चला कारखान्याची गोदामं साखरेने भरलेली असतात, कारण गाळप काही महिन्यांत उरकतं आणि विक्री वर्षभर चालते. त्या न विकलेल्या साखरेची किंमत ताळेबंदात लिहावी लागते. वाटणीच नसेल, तर ती लिहिता येणार नाही. चारही पदार्थ त्याच वर्षात विकले गेले असते, तर कुठल्याही पद्धतीने एकूण नफा २ लाख ६० हजारच आला असता. साठा उरतो, म्हणून पद्धत महत्त्वाची ठरते.

निर्णय घेताना मात्र ही वाटणी बाजूला ठेवायची. हे सांगायला सोपं आणि पाळायला फार अवघड आहे, कारण कागदावर छापलेला 'खर्च' डोळ्यांसमोरून हलत नाही.

बी हेवी मळीचंच पाहा. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर बी हेवी मळीपासून केलेल्या इथेनॉलला केंद्राने वेगळा आणि चढा दर दिला. तिसऱ्या खेपेची साखर काढायचीच नाही, मळी आधीच आसवणीकडे वळवायची, असा पर्याय कारखान्यांपुढे उभा राहिला. आपल्या हजार टनांवर त्याचा हिशेब करू. तसं केलं तर साखर ११० ऐवजी साधारण ९५ टन निघते आणि ४५ टन सी हेवी ऐवजी ६५ टन बी हेवी मळी मिळते. सी हेवीच्या टनातून २३० लिटर इथेनॉल धरू, बी हेवीच्या टनातून ३०० लिटर. म्हणजे १०,३५० लिटरच्या जागी १९,५०० लिटर. ९,१५० लिटर जास्त. ते गाळायला लिटरमागे ८ रुपये धरले, तर ७३ हजार खर्च.

२०२२-२३ मध्ये सी हेवीच्या इथेनॉलचा दर लिटरला ४९ रुपये ४१ पैसे होता आणि बी हेवीचा ६० रुपये ७३ पैसे. त्या दरांनी इथेनॉलचं उत्पन्न ६ लाख ७३ हजारांनी वाढतं. जादा गाळण्याचा खर्च वजा करून ६ लाख राहतात. सोडलेली साखर १५ टन, ३६ च्या भावाने ५ लाख ४० हजारांची. ६० हजार जास्त मिळतात, म्हणून बी हेवी करावी. २०२४-२५ साठी सी हेवीचा दर ५७ रुपये ९७ पैसे झाला आणि बी हेवीचा तिथेच राहिला. आता इथेनॉलची वाढ ५ लाख ८४ हजार, खर्च जाता ५ लाख ११ हजार. साखर मात्र तेवढीच, ५ लाख ४० हजारांची, सोडावी लागते. म्हणजे २९ हजार कमीच. साखरच काढावी.

हा सगळा हिशेब होईपर्यंत उसाच्या साडेछत्तीस लाखांचा एकदाही उल्लेख झाला नाही. साखरेवर किती खर्च टाकला, मळीवर किती, हे कुणी विचारलंही नाही. विचारायची गरजच नव्हती, कारण दोन्ही वाटांवर ऊस तोच येतो. विभाजन बिंदूनंतर किती जास्त मिळतं आणि त्यासाठी किती जास्त खर्चावं लागतं, एवढ्या दोनच आकड्यांवर निर्णय झाला. एका शासकीय दरात साडेआठ रुपयांचा बदल झाला आणि उत्तर उलटलं.

खरी काळजी घ्यायची ती दोन ठिकाणी, आणि मला या दोन गोष्टी सगळ्या पद्धतींच्या चर्चेपेक्षा मोलाच्या वाटतात.

पहिली बगॅसची. २३० टन बगॅस बॉयलरमध्ये जळला. त्याची अडीच रुपये किलोने किंमत ५ लाख ७५ हजार. काही हिशेबांत मिल विभागाच्या नावावर ही रक्कम जमा दाखवतात. त्यात गैर काही नाही, पण मग वाफेच्या खर्चात तीच रक्कम नावे पडली पाहिजे. जमा झाली आणि नावे पडायची राहिली, तर साखरेचा खर्च किलोमागे सव्वापाच रुपयांनी खोटाच कमी दिसतो. ही चूक ओळखायला मोठी विद्या लागत नाही. निघालेला बगॅस, जळालेला, विकलेला आणि शिल्लक, यांचा टनांतला मेळ घालायचा आणि पैसे कोणकोणत्या टनांचे धरले ते पाहायचं. जळालेल्या टनांचे पैसे जमेत आहेत आणि खर्चात नाहीत असं दिसलं, की चूक सापडली.

दुसरी मळीची, आणि ती थेट ऊस उत्पादकाच्या खिशाशी जोडलेली आहे. २०१२ मध्ये रंगराजन समितीने उसाच्या दरासाठी महसूल विभागणीचं सूत्र सुचवलं: साखर आणि पहिल्या टप्प्यावरचे उपपदार्थ, म्हणजे बगॅस, मळी आणि प्रेसमड, यांच्या एकूण मूल्याचे ७० टक्के शेतकऱ्याला, किंवा फक्त साखर धरायची असेल तर ७५ टक्के. महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्याने हे सूत्र स्वीकारलं. हे दोन टक्के एकमेकांना समान धरले, तर त्यातून निघतं की उपपदार्थांचं मूल्य साखरेच्या सात टक्क्यांच्या आसपास गृहीत आहे. आपल्या उदाहरणात ते साखरेच्या साडेबारा टक्क्यांवर गेलं आहे. मळीचा भाव चढला की ७५ टक्क्यांचा सोपा रस्ता शेतकऱ्याला कमी देतो.

त्यातही सूत्रात धरली आहे मळी, इथेनॉल नाही. आसवणी बाहेरची असेल, तर मळीचा बाजारभाव सापडतो. पण आसवणी कारखान्याचीच असेल, तर मळी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते आणि तिचा भाव घरातच ठरतो. उलट्या दिशेने मोजून पाहू. टनभर सी हेवी मळीतून २३० लिटर, ५७ रुपये ९७ पैशांनी १३,३३३ रुपये. गाळण्याचे १,८४० वजा केले की मळीची किंमत जवळपास साडेअकरा हजार निघते. आसवणीची यंत्रं आणि भांडवल यांचा मोबदला यातून जायचा आहे, हे मान्य. तरीही आठ हजार आणि साडेअकरा हजार यांतलं अंतर ४५ टनांवर दीड लाखाहून जास्त होतं, म्हणजे उसाच्या टनामागे १५७ रुपये. त्यातले ७० टक्के, ११० रुपये, मळी कोणत्या भावाने दाखवली यावर हलतात. सध्याच्या भावांत सूत्राचा दर एफआरपीच्या खाली राहतो आणि एफआरपीच द्यावी लागते, म्हणून हे अंतर डोळ्यांत भरत नाही. साखर महाग झाली की ते भरेल.

इथेनॉल आणि वीज यांत वाटा हवा, ही मागणी ऊस दराच्या प्रत्येक आंदोलनात होते. ती योग्य की अयोग्य यावर मतं असू शकतात. पण मळी कितीला धरली, हा मताचा प्रश्न नाही. तो कागदावर असतो. तुम्ही कारखान्याचे सभासद असाल, तर वार्षिक सभेच्या आधी अहवाल उघडा. साखर विभागाने आसवणीला मळी कोणत्या दराने दिली तो आकडा शोधा, त्याच हंगामात मळी बाहेर कोणत्या दराने विकली गेली तो त्याच्या शेजारी लिहा, आणि दोघांत फरक असेल तर त्याचं कारण सभेत उभं राहून विचारा.